भोगीचे जेवण शेतावर : पेरणीपासून ताटाच्या दरापर्यंत

मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, बोरे घालून केलेली लेकुरवाळी भाजी, मुगाची खिचडी आणि लोण्याचा गोळा असे या दिवसाचे जेवण आपल्याकडे घरोघर होते. या जेवणाला लागणारा जवळजवळ सगळा माल खरिपाच्या शेवटी आणि रब्बीच्या मध्यावर आपल्याच शिवारात तयार असतो. शहरातील कुटुंबांना मात्र तो जमवताना मंडईत चार ठिकाणी फिरावे लागते. त्यामुळे शहराजवळच्या ज्या शेतकऱ्यांनी शेतावर जेवणाची सोय केली आहे, त्यांना भोगीचे खास जेवण हा चांगला जोडधंदा होऊ शकतो.

परंतु पाहुणे आले, जेवण चांगले झाले, आणि हिशेब केला तेव्हा हातात काही उरले नाही, असेही पुष्कळदा घडते. याचे कारण बहुधा स्वयंपाकात नसते. माल कधी पेरला, ताटाचा दर कशावरून ठरवला आणि लोकांना केव्हा कळवले या तीन गोष्टींत ते असते. म्हणून भोगीचा दिवस पक्का धरून तेथून मागे मागे येत नियोजन कसे करावे, हे या लेखात पाहू.

प्रथम तारखा ठरवा

संक्रांत दर वर्षी १४ जानेवारीलाच येते असे नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला होती, तर २०२५ आणि २०२६ मध्ये १४ जानेवारीला. त्यामुळे भोगी कधी १३ ला तर कधी १४ ला येते. पंचांग पाहिल्याशिवाय तारीख छापू नये.

दुसरी गोष्ट वाराची. २०२६ मध्ये भोगी मंगळवारी होती. नोकरदार कुटुंब मंगळवारी गाव सोडून जेवायला येत नाही. ते आधीच्या शनिवारी-रविवारी येते. म्हणून जेवणाचे मुख्य दिवस हे भोगीच्या आधीचे शनिवार-रविवार, प्रत्यक्ष भोगी आणि संक्रांतीनंतरचा रविवार असे चार धरावेत.

याशिवाय संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. या काळात वीस-पंचवीस महिलांचे गट आडवारीही येऊ शकतात. हा काळ दर वर्षी सारखा नसतो. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिनाभर मिळाला. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच आली, म्हणजे केवळ अकरा दिवस मिळाले. पुढे सांगितलेली हरभऱ्याची शेवटची पेरणी करायची की नाही, हे या तारखेवर ठरते.

पदार्थ थोडे ठेवा

ताटात पुढील पदार्थ पुरेसे आहेत : तीळ लावलेल्या बाजरीच्या दोन भाकरी, भोगीची भाजी, मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, लोणी, तिळाची चटणी, गाजराची कोशिंबीर आणि एक गुळपोळी. गुळपोळी खरे तर संक्रांतीची. परंतु पाहुणे एकदाच येणार असल्याने ती याच ताटात द्यावी. ती चार-पाच दिवस चांगली राहते, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवता येते आणि जेवणाच्या दिवशीचा भार कमी होतो.

या यादीचा फायदा असा, की तोच माल दोन-तीन पदार्थांत फिरतो. तीळ भाकरीला, भाजीला, चटणीला आणि गुळपोळीला लागतात. गाजर भाजीत आणि कोशिंबिरीत जाते. लोणी काढल्यावर राहिलेले ताक कढीला येते. पनीर किंवा इतर नेहमीचे हॉटेलचे पदार्थ वाढवले, तर बाहेरचा माल आणावा लागतो आणि उरला तर तो वाया जातो.

एका दिवशी किती ताटे?

हा आकडा भाजीवर ठरत नाही, भाकरीवर ठरतो. भाजी साठ माणसांची काय आणि शंभराची काय, मोठ्या पातेल्यात होते. भाकरी मात्र एकेक थापावी लागते आणि ती गरमच वाढावी लागते. सवयीची बाई एका चुलीवर तासाला साधारण वीस-बावीस भाकरी करते. तीन चुली असतील तर तासाला सुमारे ६६ भाकरी होतात. कोणी तिसरी भाकरी मागते, कोणी एकच खाते. म्हणून माणशी सव्वादोन धरल्यास एका तासात तीस माणसांपुरत्या भाकरी होतात.

म्हणून तीन चुलींवर दिवसाला साठ ताटे धरावीत आणि तीसतीसच्या दोन पंगती कराव्यात, पहिली बारा वाजता व दुसरी दीड वाजता. साठ माणसे एकदम बसवली तर निम्म्यांना भाकरीची वाट पाहावी लागते. तोपर्यंत खिचडी व भाजी संपत जाते आणि अंदाज चुकतो. नोंदणी घेतानाच पंगतीची वेळ ठरवून द्यावी.

माल : काय पिकवावे, काय आणि केव्हा खरेदी करावे

हरभरा हा या ताटातील सर्वांत नाजूक माल आहे. घाटा भरलेला, दाणा हिरवा व मऊ अशी अवस्था आठ-दहा दिवसच टिकते. त्यानंतर दाणा घट्ट होतो आणि घाटा पिवळा पडू लागतो. पेरणीपासून ही अवस्था येण्यास आपल्याकडे साधारण ८० ते ८५ दिवस लागतात. हिवाळा उबदार असेल तर ती थोडी लवकर येते. त्यामुळे सगळा हरभरा एकदम न पेरता १०, २० आणि ३० ऑक्टोबरच्या सुमारास एकेक गुंठा पेरावा. २० ऑक्टोबरची पेरणी भोगीच्या दिवसांत हाती येते. १० ऑक्टोबरची पेरणी थंडी जास्त पडून पीक मागे राहिले तर उपयोगी पडते, आणि ३० ऑक्टोबरची हळदीकुंकवाच्या गटांसाठी होते. रथसप्तमी लवकर असेल तर ही तिसरी पेरणी फार थोडी ठेवावी.

घाटे सोलल्यावर वजनाने निम्म्याच्या आसपास दाणा मिळतो. आपल्या वाणाचे एक किलो घाटे सोलून प्रत्यक्ष वजन करून पाहावे, म्हणजे हिशेब चुकत नाही.

वाल-पावट्याचे गावठी वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. म्हणून जून-जुलैत बांधाच्या कडेने किंवा मांडवावर टोकलेला वेल जानेवारीत भरपूर शेंगा देतो. वांग्याची रोपे ऑगस्टमध्ये टाकून सप्टेंबरमध्ये लागण केल्यास नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फळे सुरू होतात आणि जानेवारीत झाड पूर्ण भरात असते. गाजर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पंधरवड्यात पेरावे. बोरे बांधावरची गावठीच घ्यावीत. भाजीत तीच चवीला येतात.

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. घाटेअळी हरभऱ्यावर आणि शेंडे व फळे पोखरणारी अळी वांग्यावर नेमक्या याच काळात येते, आणि शेतावर आलेली मुले घाटे झाडावरूनच तोडून खातात. म्हणून पाहुण्यांसाठी राखलेल्या या गुंठ्यांत कामगंध सापळे, पक्ष्यांसाठी मचाणे, हरभऱ्यावर विषाणूजन्य कीटकनाशक (एचएएनपीव्ही) व निंबोळी अर्क यांवर भर द्यावा. वांग्याचे कीडके शेंडे खुडून नष्ट करावेत. रासायनिक फवारणी करावीच लागली, तर डब्याच्या लेबलवर दिलेला काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याशिवाय त्या वाफ्यातील माल ताटात येऊ देऊ नये आणि पाहुण्यांना तेथे सोडू नये.

बाजरी खरिपाची, चांगली वाळवलेली, घरात असते. दळण मात्र आधी आणून ठेवू नये. बाजरीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा असतो आणि तेलाचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते. दळल्यावर हे तेल उघडे पडते, दाण्यातील विकर त्यावर काम करू लागते आणि थोड्याच दिवसांत पिठाला कुबट वास व कडवटपणा येतो. पिठाची विरीही जाते, म्हणजे भाकरी थापताना कडा चिरतात. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहावे. मागाहून कडू लागले तर ते वापरू नये. दळण दोन-तीन दिवसांपुरतेच आणावे.

तीळ व गूळ यांचे भाव संक्रांत जवळ आली की चढू लागतात. घरचे तीळ नसतील तर ते नोव्हेंबरमध्येच घेऊन, निवडून, कडक ऊन देऊन डब्यात भरावेत. गुळपोळीसाठी चिक्कीचा गूळ घेऊ नये, पोळीतले सारण कडक होते. साधा, मऊ, पिवळा गूळ घ्यावा.

लोण्याचा हिशेब अनेकांच्या लक्षात येत नाही. ताटाला १५ ग्रॅम लोणी धरले तर साठ ताटांना सुमारे एक किलो लागते, आणि एक किलो लोण्याला म्हशीचे तेरा-चौदा लिटर दूध लागते. चार दिवसांसाठी चार किलो लोणी म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटर दुधाची साय झाली. घरी एकच म्हैस असेल, तर शेजारच्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवावे.

साठ ताटांच्या भाजीसाठी निवडलेला माल सुमारे दहा किलो लागतो : वांगी ३ किलो, पावटा किंवा घेवडा २ किलो, सोलाणे दीड किलो, गाजर दीड किलो, मटार १ किलो, बोरे अर्धा किलो व भिजवलेले शेंगदाणे अर्धा किलो. कोशिंबिरीचे गाजर याशिवाय घ्यावे. भाकरीला साडेदहा किलो पीठ, खिचडीला अडीच किलो तांदूळ व सव्वा किलो मूगडाळ पुरते.

ताटाचा दर कसा ठरवावा

पहिला नियम असा, की घरचा माल फुकट धरू नये. भोगीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत वांगी, पावटा व घाट्यांना मंडईत चांगला भाव असतो. तोच माल आपण ताटात घालतो, तेव्हा त्या दिवशी मंडईत जे पैसे मिळाले असते ते ताटाने द्यायला हवेत. दुसरा नियम, घरच्या माणसांची मजुरी धरावी. घरातील बाई पहाटेपासून चुलीपुढे बसते, तिचा रोज हिशेबात आला नाही तर दिसणारा नफा हा तिच्याच मजुरीचा असतो.

आता साठ ताटांच्या एका दिवसाचा हिशेब उदाहरणादाखल पाहू. यातील दर समजण्यापुरते धरले आहेत. आपण आपल्या गावचे दर घालावेत.

तक्ता : एका दिवसाचा खर्च, ६० ताटे (रुपये)

- बाजरी व दळण : ४२०
- भोगीची भाजी : ६५०
- तांदूळ व मूगडाळ : २८०
- लोणी : ७००
- गुळपोळीचे साहित्य : ६००
- तीळ, शेंगदाणे, तेल, मसाला : ९००
- कढी व कोशिंबीर : ३५०
- मालाचा एकूण खर्च : ३,९००
- सांडलवंड व खराबी, १० टक्के : ३९०
- मजुरी, ६ माणसे : ३,०००
- जळण : ४००
- पाणी, भांडी, स्वच्छता : ६००
- जाहिरातीचा त्या दिवसाचा वाटा : ३००
- एकूण : ८,५९०

या खर्चाचे दोन भाग पडतात. माल व खराबी मिळून ताटामागे साडेएकाहत्तर रुपये होतात. हा भाग जेवणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त होतो. मजुरी, जळण, स्वच्छता आणि जाहिरात मिळून ४,३०० रुपये होतात. हा खर्च तीस माणसे आली तरी जवळजवळ तेवढाच राहतो.

साठ ताटे गेली तर एका ताटाचा खर्च १४३ रुपये येतो. चाळीस गेली तर तो १७९ होतो आणि तीसच गेली तर २१५ होतो. अनेक जण सगळ्या जागा भरतील असे समजून १४३ वर थोडे चढवून १८० रुपये दर ठेवतात. मग चाळीस माणसे आली की हाती काहीच राहत नाही. म्हणून दर ठरवताना दोन तृतीयांश जागा भरतील असे धरावे, म्हणजे आपल्या उदाहरणात चाळीस ताटे, आणि त्या खर्चावर नफा मिळवावा.

समजा दर २५० रुपये ठेवला. प्रत्येक ताटामागे मालाचा खर्च वजा जाता १७८ रुपये ५० पैसे उरतात. ४,३०० रुपयांचा ठराविक खर्च भरून येण्यास पंचवीस ताटे लागतात. चाळीस ताटांना २,८४० रुपये आणि साठ ताटांना ६,४१० रुपये शिल्लक राहतात. आपल्या भागात २५० रुपये दर लोक देतील का, हे आसपासच्या ठिकाणांचे दर पाहून तपासावे. देणार नसतील तर दर पाडण्याऐवजी खर्चाचा कोणता भाग कमी होतो ते पाहावे. सहाऐवजी पाच माणसांत काम होते का, दोनऐवजी एकच दिवस भरगच्च घेता येतो का, याचा विचार करावा. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे ताट १५० रुपयांत ठेवता येते.

आगाऊ नोंदणीचे मोल

वरच्या हिशेबात चाळीस ताटांना २,८४० रुपये उरतात, परंतु चाळीसच येणार हे आधी माहीत असेल तरच. साठांची तयारी केली आणि चाळीस आले, तर वीस ताटांचा माल वाया जातो. खर्च ८,५९० च राहतो, वसुली १०,००० होते आणि शिल्लक केवळ १,४१० उरते. माणसे तितकीच आली, दरही तोच होता, तरी निम्मा नफा गेला.

म्हणून ताटामागे १०० रुपये आगाऊ घेऊनच जागा पक्की करावी. जेवणाच्या दोन दिवस आधी नोंदणी बंद करावी, कारण दळण, लोणी व बोलवायची माणसे त्याच वेळी ठरवायची असतात. ऐन वेळी येणाऱ्यांसाठी पाच-सहा ताटांपेक्षा जास्त ठेवू नये. शेतात उरलेल्या ताज्या भाजीसाठी दुसरी वाट आधीच तयार असावी. वांगी, पावटा, घाटे, गाजर व बोरे यांचे अर्ध्या-एक किलोचे मिसळ वाटे बांधून पाहुण्यांना जाताना विकत द्यावेत. घरी भोगी करणाऱ्या कुटुंबांना ते हवेच असतात. हे वाटे शिजवलेल्या अन्नातून नव्हे, तर तोडणीच्या वेळीच वेगळे काढावेत.

लोकांना केव्हा कळवावे

फार लवकर कळवले तर लोक विसरतात आणि उशिरा कळवले तर त्यांचे बेत ठरलेले असतात. तीन टप्प्यांत कळवणे सोयीचे पडते.

पहिला टप्पा दिवाळीच्या सुट्टीचा. या वेळी शेतावर आलेल्या पाहुण्यांना तोंडीच सांगावे, उगवलेला हरभरा दाखवावा आणि ज्यांना कळवायचे त्यांचे फोन नंबर वहीत लिहून घ्यावेत. दर सांगण्याची घाई करू नये, कारण तीळ-गुळाचा भाव अजून कळलेला नसतो.

दुसरा टप्पा १५ ते २० डिसेंबरचा. पदार्थांची यादी, दर, तारखा, पंगतीच्या वेळा, एकूण जागा आणि आगाऊ रक्कम हे सर्व एकाच पत्रकात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या एकाच संदेशात द्यावे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र सोडून द्यावा. त्या दिवसांत शहरातील लोकांचे लक्ष वर्षअखेरच्या सुट्टीकडे असते. हळदीकुंकवाचे गट हवे असतील, तर गृहनिर्माण संस्था व महिला मंडळांच्या प्रमुखांशी याच टप्प्यात बोलावे, कारण गटाची तारीख ठरायला वेळ लागतो.

तिसरा टप्पा २ ते ५ जानेवारीचा. भरलेल्या घाट्यांचे किंवा वांग्याच्या वाफ्याचे त्याच दिवशी काढलेले छायाचित्र आणि किती जागा उरल्या एवढेच कळवावे. जागा भरल्या की तसे स्पष्ट सांगावे आणि पुढच्या रविवारची तारीख द्यावी. साठांच्या जागी ऐंशी घेतले तर भाकरी पुरत नाही, हे वर पाहिलेच आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

जेवण विकायचे असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. तो दिवाळीपूर्वीच काढून घ्यावा. पिण्याच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्यावे.

पहिल्या वर्षी चार दिवस न घेता एकच रविवार आणि तीस ताटे घेऊन पाहावे. त्या दिवशी प्रत्येक पातेल्यात किती उरले याचे वजन करून वहीत लिहावे, भाकरी किती लागल्या ते मोजावे, आणि किती जणांनी आगाऊ भरून येणे टाळले तेही नोंदवावे. येत्या जूनमध्ये पावटा किती टोकायचा आणि ऑक्टोबरमध्ये हरभरा किती गुंठे पेरायचा, हे याच वहीवरून ठरवावे.